कोला, फॉस्फोरिक आम्ल, दात आणि हाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोला पेयांबद्दल दोन समजुती घरोघरी ऐकू येतात. एक म्हणजे त्यात दात विरघळतो आणि दुसरी म्हणजे त्याने हाडे ठिसूळ होतात. पहिली बरीचशी खरी आहे, पण ज्या कारणासाठी ती सांगितली जाते त्या कारणासाठी नव्हे. दुसरी अर्धवट खरी आहे, आणि तिच्यात दोष भलत्याच घटकावर ढकलला जातो. म्हणून पुढील उत्तरांत दात आणि हाडे यांचा विचार वेगवेगळा केला आहे.

बाटलीवरच्या घटकांच्या यादीत «338» असा आकडा असतो, तो कशाचा?

तो फॉस्फोरिक आम्लाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. आपल्याकडे लेबलवर «अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर (338)» असे छापलेले असते आणि त्यामुळे हे काहीतरी आम्लता कमी करणारे औषध असावे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात पेयाला आंबटपणा आणणारे मुख्य आम्ल तेच असते. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या चवीच्या पेयांवर बहुधा 330 हा आकडा दिसतो, आणि तो सायट्रिक आम्लाचा असतो. कोलाला फळाची चव नको असते, नुसता कोरडा, झणझणीत आंबटपणा हवा असतो, आणि फॉस्फोरिक आम्ल तो अगदी थोड्या मात्रेत आणि स्वस्तात देते. शिवाय इतक्या आम्ल द्रवात बहुतेक जंतू वाढत नाहीत, हा उत्पादकाचा दुसरा फायदा.

मग त्यात आम्ल नेमके किती असते?

प्रमाणाने पाहिले तर फारच थोडे. एक लिटर कोलात फॉस्फोरिक आम्ल अर्ध्या ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून थोडे कमी असते. तरीही त्याचा सामू, म्हणजेच पीएच, सुमारे 2.5 असतो. सामूची मोजपट्टी दसपटीने चालते. एक अंक खाली गेला की आम्लता दहापट वाढते. तोंडातील लाळेचा सामू 7 च्या जवळपास असतो आणि दाताचे एनॅमल, म्हणजे त्याचे वरचे कठीण कवच, विरघळू लागण्याची सीमा साधारण 5.5 मानली जाते. म्हणजे कोलाचा घोट त्या सीमेच्या तीन अंक खाली, अर्थात हजारपट अधिक आम्ल असतो.

एवढ्याशा आम्लाने सामू इतका खाली कसा जातो? फॉस्फोरिक आम्लाच्या रेणूजवळ सोडण्यासारखे तीन हायड्रोजन आयन असतात. त्यांतला पहिला तो पाण्यात सहज सोडतो, दुसरा बराच घट्ट धरून ठेवतो आणि तिसरा जवळजवळ सोडतच नाही. कोलात असलेल्या मात्रेला दर तीन रेणूंपैकी सुमारे दोन रेणूंनी आपला पहिला आयन आधीच सोडलेला असतो. म्हणून कोला तीव्र असतो, पण त्याच्याजवळ आम्लाची शिल्लक फार नसते. हा तीव्रता आणि साठा यांतला फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची निम्मी उत्तरे त्यावरच उभी आहेत.

दात विरघळतो म्हणजे नक्की काय होते?

एनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते. हे खनिज म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांनी बनलेले हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट. एरवी लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके भरलेले असते की दातातून बाहेर पडायला त्यांना वावच नसतो. आम्ल आले की हायड्रोजन आयन लाळेतल्या फॉस्फेटला चिकटतात, त्याचे रूप बदलते आणि लाळेतला हा भरलेपणा मोडतो. मग तूट भरून काढण्यासाठी खनिज दातातून सुटू लागते. पहिल्या काही मिनिटांत पृष्ठभाग फक्त मऊ होतो. हा मऊ झालेला थर काही मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही पुष्कळ पातळ असतो. त्यातला काही भाग लाळ पुन्हा घट्ट करते, काही घासण्याने आणि चावण्याने निघून जातो. निघून गेलेले एनॅमल परत येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात.

कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर आपण «दात आंबले» म्हणतो, तेव्हा जिभेला दात किंचित खरखरीत लागतात. आम्लाने दाताचा पृष्ठभाग बदलल्याची ती घरच्या घरी मिळणारी जाणीव आहे. मात्र दात न आंबताही झीज चालू असू शकते, म्हणून त्या खुणेवर फार विसंबू नये.

इथे 5.5 हा आकडा दगडावरची रेघ नाही, हेही सांगायला हवे. द्रवात आधीच कॅल्शियम आणि फॉस्फेट किती आहे, यावर ती सीमा वरखाली होते. याचे सर्वांत सोपे उदाहरण आपल्या ताटात असते. दही किंवा ताक चांगले आंबट असते, त्याचा सामू 4 ते 4.5 च्या घरात असतो, तरीही त्याने एनॅमल झिजत नाही, कारण दुधातले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात विरघळलेल्या स्वरूपात भरपूर असते. कोलात फॉस्फेट आहे, मग तो का वाचवत नाही, असा हुशार प्रश्न कधीकधी विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर असे की कोलात कॅल्शियम जवळजवळ नसते, आणि इतक्या खालच्या सामूला असलेले फॉस्फेटही दाताच्या खनिजाला उपयोगी पडणाऱ्या रूपात नसते.

कोलात रात्रभर ठेवलेला दात सकाळी नाहीसा होतो, हे खरे आहे का?

नाही, आणि हे कागदावर हिशेब मांडूनही दाखवता येते. 250 मिलिलिटरच्या एका ग्लासात फॉस्फोरिक आम्ल जास्तीत जास्त 0.125 ग्रॅमच्या आसपास असते. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा एक रेणू पुरता विरघळवायला चौदा हायड्रोजन आयन खर्च होतात. त्या हिशेबाने ग्लासभर कोलातले सगळे फॉस्फोरिक आम्ल संपले, तरी विरघळलेले खनिज 0.1 ग्रॅमच्या आतच राहते. पुढचा एक दात साधारण एक ग्रॅमचा आणि दाढ त्याच्या दुप्पट असते. विरघळलेल्या वायूचे आम्ल या हिशेबात धरलेले नाही, पण ते सौम्य असते आणि उघड्या ग्लासातून उडूनही जाते. थोडक्यात, ग्लासात दात नाहीसा करण्याइतके आम्लच नसते. दात पांढुरका, खरखरीत आणि मऊ होतो, त्याला तपकिरी रंग चढतो, आणि पाहणाऱ्याला तेवढे पुरते.

या कथेला चांगला इतिहासही आहे. 1950 साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या एका समितीसमोर कॉर्नेल विद्यापीठातील पोषणशास्त्रज्ञ क्लाइव्ह मॅकके यांनी साक्ष दिली होती, आणि कोलात ठेवलेला दात थोड्याच काळात मऊ पडून विरघळू लागतो असे सांगितले होते. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. «मऊ पडून विरघळू लागतो» याचे सांगोवांगी «नाहीसा होतो» झाले. खरी उणीव प्रयोगात आहे. ग्लासात लाळ नसते, आणि तोंडात कोणी बारा तास घोट धरून बसत नाही.

लिंबू सरबतही तेवढेच आंबट असते. मग कोलालाच दोष का?

आक्षेप योग्य आहे, आणि दंतवैद्यांनी तो जितक्या स्पष्टपणे मान्य करायला हवा तितका केला जात नाही. एका मध्यम लिंबात साधारण एक ते दीड ग्रॅम सायट्रिक आम्ल असते. एका लिंबाचे ग्लासभर सरबत सामूच्या दृष्टीने कोलाच्या फार दूर नसते, पण आम्लाच्या साठ्यात ते कोलाच्या दहापटींच्या आसपास जाते. म्हणजे तोंडातला सामू पूर्ववत करायला लाळेला त्यापुढे अधिक झगडावे लागते. त्यात सायट्रिक आम्लाला कॅल्शियम धरून ओढण्याची सवय असते, ती फॉस्फोरिक आम्लाला तशी नसते. नुसत्या रसायनाच्या कसोटीवर सरबताची बाजू कोलापेक्षा चांगली नाही.

फरक पडतो तो पिण्याच्या रीतीने. सरबत पाहुणा आला किंवा उन्हातून आलो की एक ग्लास, तेही बहुधा एका बैठकीत संपणारे. कोला झाकणाच्या बाटलीत मिळतो, टेबलावर, गाडीत, बिछान्याशेजारी तासन्‌तास राहतो आणि मधूनमधून तोंडाला लागतो. उद्या कोणी लिंबू पाण्याची बाटली दिवसभर तशीच जवळ ठेवली, आणि हल्ली वजन कमी करण्यासाठी कित्येक जण ती ठेवतातही, तर दातांना तोच त्रास होईल. किंबहुना जास्तच.

दिवसाला एकच बाटली पितो. त्याने एवढे काय होणार?

ती बाटली किती वेळात संपते, ते आधी सांगा, असेच या प्रश्नाचे उत्तर सुरू करावे लागते. एक उदाहरण घेऊ. दोघे जण 600 मिलिलिटरची एकेक साखरेची कोला बाटली पितात. पहिला दुपारच्या जेवणाबरोबर वीस मिनिटांत ती संपवतो. दुसरा रात्रपाळीला संगणकासमोर बसून दर दहा मिनिटांनी एक घोट घेत तीच बाटली तीन तास पुरवतो.

लाळ व्यवस्थित सुटत असेल तर एका घोटानंतर दाताच्या स्वच्छ पृष्ठभागावरचा सामू दोन-तीन मिनिटांत पुन्हा 5.5 च्या वर येतो. पहिल्याचे दात फार तर पंचवीस मिनिटे आम्लात राहिले, आणि त्यातही जेवण चालू असल्याने लाळ दुथडी वाहत होती. दुसऱ्याने अठरा-एकोणीस घोट घेतले, दर घोटाची तीन मिनिटे धरली तर तासभर दात आम्लात राहिले, आणि रात्रीची लाळही मंदावलेली. हे झाले फक्त कोलातल्या आम्लाचे.

दुसरे आम्ल साखरेतून येते. शंभर मिलिलिटरला 10 ते 11 ग्रॅम साखर धरली तर बाटलीत 60 ग्रॅमहून अधिक साखर झाली. दातावर साठलेल्या कीटणातले जंतू साखर मिळताच आम्ल तयार करतात आणि तिथला सामू वर यायला वीस-तीस मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दुसऱ्या माणसाला दर दहा मिनिटांनी नवी साखर पोचते, म्हणून त्याच्या कीटणाखालचा सामू तीन तास वर येतच नाही. पहिल्या आम्लाने गुळगुळीत झीज होते, दुसऱ्याने दात किडतो. दोन्ही एकाच तोंडात सुखाने नांदतात, मात्र जागा वेगवेगळ्या असतात. झीज उघड्या, घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर होते, कीड कीटण लपते तिथे, म्हणजे दोन दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला लागते.

डाएट कोला, गॅस गेलेला कोला किंवा स्ट्रॉ यांनी फरक पडतो का?

डाएट कोलात साखर नसल्याने कीड लागण्याचे कारण जाते. त्याचा सामू साधारण 3 च्या आसपास असतो, म्हणजे साध्या कोलापेक्षा थोडा वर, पण सीमेच्या कितीतरी खालीच. झीज कमी होईल, थांबणार नाही.

गॅस गेल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात आणि त्याचे आम्ल सौम्य असते. फॉस्फोरिक आम्ल उडून जाणारे नसल्याने ते बाटलीतच राहते. उलट बाजूने, साध्या सोड्याने दातांना होणारा त्रास अगदी किरकोळ असतो.

स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरली तर पुढचे दात बरेच वाचतात. ओठांच्या मागे धरून प्यायल्यास ती नेम धरून कोला पुढच्या दातांवरच सोडते.

झीज सुरू झाली आहे हे घरी कसे ओळखावे?

आरशासमोर उजेडात उभे राहून वरच्या पुढच्या दातांची कड पाहावी. निरोगी कड दुधी, अपारदर्शक दिसते. झिजलेली कड काचेसारखी निळसर-करडी दिसते आणि तोंडातला अंधार तिच्यातून जाणवतो. तरुण दाताच्या पृष्ठभागावर तिरप्या उजेडात अतिशय बारीक आडव्या रेषा दिसतात. झिजलेला दात त्याउलट गुळगुळीत, तुकतुकीत दिसतो, आणि लोकांना तो छान पॉलिश झालेला वाटतो, हा यातला घोटाळा. दाढांच्या उंचवट्यांच्या टोकांवर लहान वाटीसारखे खळगे पडतात. जुने फिलिंग असेल तर आजूबाजूचा दात झिजून ते बेटासारखे वर आलेले दिसते, कारण आम्ल दात खाते, फिलिंगला फारसे लागत नाही. पुढे दात पिवळसर दिसू लागतो, तो डाग नसून पातळ झालेल्या एनॅमलमधून डोकावणारे डेंटिन, म्हणजे त्याखालचा पिवळसर थर, असतो. गार पाण्याने दात शिवशिवतात तो टप्पा बहुधा याच सुमाराला येतो.

झीज कोणत्या बाजूला आहे यावरून कारणही कळते. पेयांनी झिजणारे दात बहुतेक वेळा ओठांकडच्या बाजूने झिजतात. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजली असेल तर पोटातले आम्ल वर येते का, वारंवार उलट्या होतात का, हे विचारावे लागते. कोला बंद करूनही अशा माणसाची झीज थांबत नाही.

कोला प्यायल्यावर लगेच दात घासावेत का?

घासू नयेत, आधी साध्या पाण्याने चूळ भरावी. मऊ झालेला थर ब्रशने अधिक सहज निघतो, म्हणून अर्धा तास ते तासभर थांबण्याचा सल्ला दिला जातो. थांबण्याने नुकसान काही नाही, पण त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये, कारण तो थर पुन्हा पुरता घट्ट व्हायला लाळेला तासाभरापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. मऊ ब्रश, हलका हात आणि फ्लोराइडची पेस्ट यांचा उपयोग अधिक होतो. दात पांढरे करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खरखरीत पावडरी आणि राखुंडी या दातांना शत्रू आहेत.

फ्लोराइडचीही मर्यादा आहे. फ्लोराइड मिसळलेले खनिज सुमारे 4.5 सामूपर्यंत टिकाव धरते, त्यामुळे कीडीच्या आम्लापुढे ते उत्तम काम करते. कोलाचा 2.5 सामू त्याच्याही खालचा आहे.

आता हाडांचे. फॉस्फोरिक आम्ल हाडांतून कॅल्शियम ओढून घेते का?

दाताचे जे होते ते हाडाचे होईल, असे मनात येणे साहजिक आहे, कारण दोन्हींचे मूळ खनिज एकाच जातीचे आहे. पण दात आम्लाला प्रत्यक्ष भेटतो, हाड भेटत नाही. कोला पोटात पोचतो तिथे त्याच्यापेक्षा तीव्र आम्ल आधीच असते, पुढे आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने ते निवळते, आणि रक्ताचा सामू फुप्फुसे व मूत्रपिंडे अगदी अरुंद मर्यादेत राखतात.

दुसरा युक्तिवाद असा की कोलातले जादा फॉस्फरस कॅल्शियमचा तोल बिघडवते. मात्रा पाहिली तर तो फारसा टिकत नाही. 250 मिलिलिटर कोलात फॉस्फरस साधारण 30 ते 45 मिलिग्रॅम असतो. तेवढ्याच दुधात तो 230 मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि दूध हाडे खाते असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेतील रॉबर्ट हीनी आणि कॅरन रॅफर्टी यांनी 2001 मध्ये वेगवेगळी पेये देऊन लघवीतून किती कॅल्शियम जाते ते मोजले. कॅफीन असलेल्या पेयांनी ते थोडे वाढले. फॉस्फोरिक आम्ल असलेल्या पण कॅफीन नसलेल्या पेयाने ते वाढले नाही.

पण कोला पिणाऱ्या स्त्रियांची हाडे कमकुवत असतात असे संशोधन आहे ना?

आहे, आणि ते बाजूला सारण्यासारखे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून कॅथरिन टकर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये सुमारे 1,400 स्त्रिया आणि 1,100 पुरुष यांची हाडांची घनता तपासली. रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या मांडीच्या हाडाच्या मानेची घनता, महिन्यातून एखाद्या वेळेपेक्षाही कमी पिणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत 3.7 टक्क्यांनी कमी आढळली. कण्यात असा फरक दिसला नाही, पुरुषांत दिसला नाही, आणि कोलाखेरीज इतर शीतपेयांशीही संबंध दिसला नाही. मात्र ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. कोणी काय प्यायले हे लोकांनी स्वतः सांगितले होते, आणि कोला पिणारी माणसे इतरही अनेक बाबतींत वेगळी असू शकतात. आकडेशास्त्राने त्यातले काही फरक वजा करता येतात, सगळे नाहीत.

माझ्या मते सर्वांत पटणारा धागा दुधाच्या ग्लासाचा आहे. डेन्मार्कमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात अकरा तरुणांना कमी कॅल्शियमच्या आहारावर ठेवून दहा दिवस रोज अडीच लिटर कोला आणि वेगळे दहा दिवस तेवढेच दूध दिले. कोलाच्या दिवसांत हाडांची मोडतोड आणि बांधणी वाढल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. अडीच लिटर ही मात्रा अवास्तव आहे आणि दहा दिवसांत हाड झिजत नाही, पण दुधाची जागा कोलाने घेतली तर काय घडते याची दिशा त्यातून दिसते. 250 मिलिलिटर दुधातून 300 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या 1,000 मिलिग्रॅमच्या गरजेचा जवळजवळ तिसरा भाग. दहावी-बारावीतल्या मुलाने संध्याकाळचे दूध सोडून तिथे कोला सुरू केला, तर हाडे भरण्याच्या ऐन वयात त्याचे रोजचे हे कॅल्शियम बुडते. कॅफीनमुळे लघवीतून जाणारे काही मिलिग्रॅम त्यापुढे नगण्य आहेत. तोच मुलगा ताक, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या नेमाने खात असेल आणि आठवड्यातून एखाद्या वेळी कोला पीत असेल, तर त्याच्या हाडांची काळजी करण्याचे मला कारण दिसत नाही. त्याच्या दातांची विचारपूस मात्र मी करीन.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना कोला वर्ज्य का सांगतात?

फॉस्फरसची मात्रा «थोडी» म्हणून सोडून देता येत नाही, असा हा एकच गट आहे. निकामी होत चाललेली मूत्रपिंडे जादा फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाहीत, तो रक्तात साठतो, त्याने रक्तातले कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी चेतवली जाते आणि मग हाडांतून खरोखरच कॅल्शियम निघू लागते. डाळी आणि धान्यांतला फॉस्फरस बराचसा फायटेट या वनस्पतींतल्या संयुगात बांधलेला असतो आणि त्यातला निम्म्याहून कमी अंगी लागतो. कोलातला आधीच विरघळलेला असल्याने जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला आहारतज्ज्ञ डाळीची वाटी मोजून देतात, आणि कोलाचा ग्लास मुळीच देत नाहीत. डाएट कोलातही हेच आम्ल असते, त्यामुळे मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या माणसाने साखर नाही म्हणून तो निवडण्यात अर्थ नाही. अशा रुग्णाने लेबलवर साखरेच्या आधी 338 शोधावा.